क्लच नाही, पण गिअर आहेत: चक्री गिअरची मोटरसायकल

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्यातली बरीच कुटुंबं थायलंडला किंवा व्हिएतनामला जातात. कुणी लंडनहून, कुणी दुबईहून. तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात एक प्रश्न उभा राहतो. भाड्याने गाडी घ्यायची आहे. दुकानदार विचारतो, ऑटोमॅटिक की सेमी-ऑटोमॅटिक? सेमी स्वस्त असते, घाटात चांगली चढते आणि पेट्रोल कमी पिते, म्हणून आपण ती घेतो. पुण्यात, कोल्हापुरात वीस वर्षं बाईक चालवलेला माणूस तिच्यावर बसतो, डाव्या हाताने क्लच शोधतो आणि तिथे काहीच नसतं.

आजच्या बोलण्याचा विषय हीच गाडी आहे. क्लचचा दांडा नसलेली, पण पायाने गिअर टाकायची मोटरसायकल. थायलंडमध्ये आणि व्हिएतनाममध्ये रस्त्यावर दिसणारी होंडा वेव्ह या घराण्यातली, आणि या सगळ्यांची आजी म्हणजे होंडा सुपर कब. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना ती लांब जाऊन पाहायची गरज नाही. सुपर कब सी-१२५ या दोन्ही देशांत विकली जाते आणि अमेरिकेत ट्रेल-१२५ नावाची तिची बहीणही मिळते. भारतात हा प्रकार फारसा रुळला नाही. नव्वदच्या दशकात हिरो होंडाची स्ट्रीट आली, २००९ मध्ये टीव्हीएसची जाइव्ह आली. दोन्ही टिकल्या नाहीत. म्हणून आपल्या पिढीला या गाडीची सवय नाही, आणि सवय नसल्यामुळे एका ठिकाणी धोका आहे. तो धोका कुठे आहे, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप. पण त्याआधी गाडीच्या पोटात काय चालतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही.

आधी आपल्या नेहमीच्या बाईकचं आठवून पाहा. इंजिन फिरतंय, गाडी उभी आहे. या दोघांना एकदम जोडलं तर एकतर गाडी उडी मारेल, नाहीतर इंजिन बंद पडेल. म्हणून मध्ये क्लच असतो. तो दोन वेगळी कामं करतो. पहिलं काम, उभ्या गाडीला हळूहळू चालती करणं. दुसरं काम, चालत्या गाडीत गिअर बदलताना इंजिनाची ओढ क्षणभर सोडवणं, कारण ओढीखाली असलेला गिअर सहज सुटत नाही. आपण दोन्ही कामं एकाच दांड्याने, एकाच हाताने करतो, म्हणून ती दोन आहेत हे कधी लक्षात येत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक गाडीत क्लच गेलेला नाही. तो तिथेच आहे. फक्त त्याची ही दोन कामं दोघांना वाटून दिली आहेत.

पहिलं काम इंजिनाच्या वेगाला दिलं आहे. क्रँकच्या टोकाला एक वाटीसारखं घमेलं असतं आणि त्याच्या आत स्प्रिंगने आवळलेली वजनं. इंजिन मंद चालत असतं, म्हणजे मिनिटाला साधारण १४०० फेरे, तेव्हा स्प्रिंग वजनांना आत धरून ठेवते आणि इंजिनाचा गिअरपेटीशी संबंध नसतो. तुम्ही रेस दिली की वजनं बाहेर फेकली जातात, घमेल्याच्या भिंतीला घासतात आणि गाडी सरकायला लागते. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, तेच इथे. तुमच्या स्कूटीतही नेमका हाच प्रकार असतो. म्हणून ही गाडी पहिल्या गिअरमध्ये सिग्नलला उभी राहू शकते, कुणी क्लच दाबून ठेवायची गरज नाही, आणि ती बंदही पडत नाही.

दुसरं काम तुमच्या डाव्या पायाला दिलं आहे, आणि खरी गंमत इथे आहे. गिअरच्या पट्टीला पुढे चवड्यासाठी आणि मागे टाचेसाठी अशा दोन जागा असतात. तुम्ही ती दाबता तेव्हा पट्टीचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात ती आतला दुसरा, चकत्यांचा क्लच उघडते. दुसऱ्या टप्प्यात गिअर बदलते. पाय उचलला की तो क्लच परत बसतो. म्हणजे पट्टी दाबून धरणं हे आपल्या बाईकवर क्लच ओढून धरण्यासारखंच आहे, आणि पाय हळूच सोडणं म्हणजे क्लच हळूच सोडणं. जुन्या कब गाड्यांत ही दोन्ही कामं एकाच जुडग्यात होती, नव्या गाड्यांत दोन स्वतंत्र क्लच असतात. चालवणाऱ्याला फरक पडत नाही.

हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर तुमचे निम्मे झटके वाचतील. नवीन माणूस काय करतो? सवयीने पट्टीला टिचकी मारतो आणि पाय लगेच काढतो. वरचा गिअर टाकताना ते चालून जातं. खालचा टाकताना मात्र इंजिनाचा वेग एकदम वाढावा लागतो, तो तयार नसतो, आणि मागचं चाक धक्का खातं. मागे बसलेली व्यक्ती पाठीवर आदळते आणि म्हणते, नीट चालवा हो. त्याऐवजी असं करा. टाचेने पट्टी दाबा आणि दाबूनच ठेवा. त्या वेळेत उजव्या हाताने किंचित रेस द्या, इंजिनाचा आवाज थोडा चढू द्या. मग टाच अलगद उचला. धक्का लागणार नाही. तिथले लोक हे इतक्या सहजपणे करतात की पाहणाऱ्याला वाटतं गाडी आपोआपच गिअर बदलते आहे.

आता येऊ चक्रीकडे. इंग्रजीत रोटरी म्हणतात ती हीच.

गिअरपेटीत एक दंडगोल असतो, लाटण्याएवढा लहानसा. त्याच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांत काटे बसलेले असतात आणि ते काटे गिअर इकडून तिकडे सरकवतात. तुम्ही पट्टी दाबली की लाटणं एक घर पुढे फिरतं, खाच काट्याला बाजूला ढकलते, आणि नवा गिअर लागतो. आपल्या नेहमीच्या बाईकमध्येही असंच लाटणं असतं. फरक एवढाच की तिथे खाचांना सुरुवात आणि शेवट असतो. टॉप गिअरला पोचलात की पुढे जागाच नाही, पट्टी कितीही दाबा. तो जिना आहे. वरच्या पायरीवर गेलात की परत खालीच यावं लागतं.

रोटरी गाडीत खाच लाटण्याभोवती पूर्ण फिरून स्वतःलाच येऊन मिळते. हा जिना नाही, हे रहाटगाडगं आहे. न्यूट्रल, एक, दोन, तीन, चार, आणि त्यापुढे पुन्हा न्यूट्रल. चवड्याने दाबत राहिलात तर तुम्ही गोल गोल फिरत राहाल. टाचेने दाबलंत तर तेच चाक उलटं फिरतं. आणखी एक फरक. जगातल्या बहुतेक मोठ्या बाईकवर पहिला गिअर सगळ्यात खाली, मग अर्ध्या पायरीवर न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा असे वर चढत जातात. इथे न्यूट्रल मध्ये कुठेही लपलेला नाही. तो पहिल्याच्या आधी आणि चौथ्याच्या नंतर, स्वतःच्या पूर्ण घरात बसतो. सिग्नलला अर्धवट टिचकी मारून न्यूट्रल शोधण्याची कसरत इथे नाही.

पण अशी चक्री करावीशी का वाटली? उत्तर जपानच्या रस्त्यात आहे. सुपर कब १९५८ साली आली, ४९ सीसी इंजिन आणि तीन गिअर घेऊन. सोइचिरो होंडा आणि त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांना अशी गाडी हवी होती की सोबाच्या, म्हणजे नूडल्सच्या, दुकानातला पोऱ्या एका हातावर ताटं तोलत दुसऱ्या हाताने ती चालवू शकेल. डावा हात मोकळा हवा, म्हणजे क्लचचा दांडा नको. आता हा पोऱ्या दिवसभर काय करतो? सुटतो, टॉप गिअरला जातो, दार येतं, थांबतो. शंभर वेळा. दर थांब्यावर तीनातून दोन, दोनातून एक, एकातून न्यूट्रल असं उलटं उतरत बसण्यापेक्षा, थांबला की टॉपमधून एकदा पुढे दाबलं आणि न्यूट्रल मिळालं, तर त्याचे कष्ट वाचतात. पुढच्या दाराकडे निघताना आणखी एकदा दाबलं की पहिला. टपाल, दूध, वर्तमानपत्रं वाटणाऱ्यांसाठी हे वरदान होतं. गाडीही तशीच खपली. २०१७ मध्ये या घराण्याच्या गाड्यांच्या उत्पादनाने दहा कोटींचा आकडा गाठला.

आता ज्यासाठी बोलायला बसलो ते. रहाटगाडग्यात टॉप गिअर आणि पहिला गिअर यांच्यामध्ये फक्त एक न्यूट्रल आहे. थांबलेल्या गाडीत ही सोय आहे. पळत्या गाडीत हाच धोका आहे.

एक उदाहरण आकड्यांनी पाहू. ११० सीसीची चार गिअरवाली गाडी घ्या. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला तिचं इंजिन मिनिटाला साधारण साडेपाच हजार फेरे घेतं. या घराण्यात पहिला गिअर चौथ्याच्या जवळपास २.८ पट खालचा असतो. म्हणजे त्याच ६० च्या वेगाला पहिला गिअर लागला, तर चाक इंजिनाला पंधरा हजारांच्या वर फिरवायला बघेल. या इंजिनाची जास्तीत जास्त ताकद आठ हजारांच्या आतबाहेर मिळते. त्याच्या दुपटीने ते फिरू शकत नाही. मग काय होईल? इंजिन चाकाला धरून ठेवेल. मागचं चाक जागच्या जागी घसरेल, जणू कुणी मागचा ब्रेक दणकून मारला आहे. कोरड्या सरळ रस्त्यावर कदाचित निभावेल. वळणावर, वाळूत, पावसात, मागे कुणी बसलेलं असताना निभावेलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, ६० च्या वेगाला पहिला गिअर टाकेल कोण? जाणूनबुजून कुणीच टाकत नाही. हे असं घडतं. आपला माणूस व्हिएतनामच्या उत्तरेला हा-जियांगच्या डोंगरात गाडी घेऊन गेला आहे. उतार आहे. तो चौथ्यात आहे, पण गिअर मोजताना चुकला आणि त्याला वाटतंय की आपण तिसऱ्यात आहोत. इंजिन फार ओरडतंय असं वाटून तो चवड्याने आणखी एकदा दाबतो. गाडी जुनी आहे, तिला अडवणारं काही नाही, आणि लागतो न्यूट्रल. एकदम शांतता. इंजिनाने धरलेली ओढ गेली, उतारावर गाडी मोकळी सुटली. गोंधळून तो रेस देतो. इंजिन किंचाळतं, गाडी मात्र ओढ घेत नाही. गिअर नीट बसला नाही असं समजून तो पुन्हा चवड्याने दाबतो. रहाटगाडग्यात न्यूट्रलच्या पुढे कोण आहे? पहिला.

पाहा, यात वेडेपणा कुठेच नाही. नेहमीच्या बाईकवर गिअर नीट बसला नाही तर आपण हेच करतो. तिथे टॉपच्या पुढे भिंत असते, म्हणून ही सवय निरुपद्रवी ठरते. इथे भिंत नाही.

होंडाने यावर उपाय केला आहे. आताच्या गाड्यांत चक्री फक्त उभ्या गाडीत पूर्ण फिरते. चाक फिरत असताना चौथ्यातून पुढे न्यूट्रलमध्ये जाता येत नाही, पट्टी अडते. चालताना जिना, थांबल्यावर रहाटगाडगं. पण भाड्याच्या गाड्या किती जुन्या, कुठे उघडून कशा जोडलेल्या, हे सांगता येत नाही. शिवाय सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या गाड्या एकसारख्या नसतात. काही सेमी-ऑटोमॅटिक गाड्या मुळात रोटरी नसतातच, त्यात चौथ्यानंतर कायमची भिंत असते. म्हणून गाडी ताब्यात घेताना दुकानदाराला सरळ विचारा, चालताना चौथ्यानंतर न्यूट्रल लागतो का. वेगात असताना स्वतः दाबून पाहू नका. उत्तर मिळालं नाही, तर लागतो असंच धरून चाला.

आणि समजा, उतारावर न्यूट्रल लागलाच. मग तीनच गोष्टी. रेस सोडा. डावा पाय पट्टीवरून उचला. दोन्ही ब्रेक सारखे लावत कडेला या आणि थांबा. थांबल्यावर चवड्याने एकदा, पहिला गिअर, आणि पुन्हा सुरुवात. तांत्रिकदृष्ट्या टाचेने एकदा दाबून चौथा परत मिळवता येतो, पण गोंधळलेल्या क्षणी टाच की चवडा हा विचार करण्यापेक्षा थांबणं बरं.

त्याहून बरं म्हणजे उतारावर मोजायची वेळच येऊ न देणं. घाट उतरायला लागण्याआधीच, वरच्या सपाटीवर, गिअर ठरवा. तीव्र उताराला दुसरा आणि वेग ताशी ३० च्या आसपास. दुसऱ्या गिअरमध्ये या वेगाला इंजिन साडेचार हजारांच्या जवळ फिरतं आणि गाडीला चांगलं धरून ठेवतं. उतार सौम्य असेल तर तिसरा आणि ४० पर्यंत. मग ब्रेक फक्त वळणापुरते लागतात. यातल्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रमचा ब्रेक असतो. तो सतत दाबत उतरलात तर तापतो आणि धरायचा कमी होतो. पाय नेहमीपेक्षा खोल जायला लागला किंवा जळकट वास आला, तर ती सूचना समजा. थांबा, गार होऊ द्या, पाणी ओतू नका.

आता बसल्या बसल्या हातापायांचा हिशोब करून टाकू, कारण सवयी इथेच अडतात. उजव्या हाताला रेस आणि पुढचा ब्रेक. उजव्या पायाला मागचा ब्रेक. डाव्या पायाला गिअर. डाव्या हाताला फक्त दिवे, इंडिकेटर, हॉर्न. तुमचा डावा हात सुरुवातीला हवेत मूठ आवळेल. आवळू द्या, काही बिघडत नाही. उलटी अडचण स्कूटरवर येते. तिथे डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. क्लच समजून तो खसकन ओढला की चाक अडकतं. त्या मानाने सेमी-ऑटोमॅटिक बरी, तिथे चुकून ओढायला काही नाहीच.

मात्र एक गोष्ट तुमच्या हातातून खरोखर जाते. अर्धा क्लच. गर्दीत मुंगीच्या पावलाने गाडी सरकवताना आपण नेहमीच्या बाईकवर क्लच अर्धवट सोडून वेग साधतो. इथे इंजिनाचा वेग क्लच ठरवतो, म्हणून अगदी हळू चालवताना गाडी थोडी धरते, थोडी सोडते, हिसके देते. यावर उपाय सोपा आहे. रेस अगदी थोडी पण स्थिर ठेवा आणि वेग उजव्या पायाने, मागच्या ब्रेकने आवरा. अरुंद गल्लीत गाडी वळवताना हीच युक्ती. एका मोकळ्या मैदानात दहा मिनिटं आठच्या आकड्यात फिरवलीत की हे जमतं.

घरात लहान मुलं असतील तर आता मी जे सांगतो ते विशेष ऐका. ही गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असली, इंजिन चालू असलं, तरी ती न्यूट्रलमध्ये असल्यासारखीच शांत उभी राहते. नेहमीची बाईक गिअरमध्ये ठेवून क्लच सोडलात तर ती बंद पडते, म्हणजे ती स्वतःच सांगते. ही सांगत नाही. तुम्ही पानाच्या टपरीसमोर थांबता, चालू गाडी स्टँडवर लावून उतरता, पुढे बसलेलं पोर गंमत म्हणून रेस पिळतं, आणि गाडी स्टँडवरून सुटून समोरच्या दुकानात जाते. मोठ्यांच्या हातूनही हे होतं. गाडी बाजूला उभं राहून ढकलताना हँडल धरलं आणि मनगट वळलं, की तेच. म्हणून नियम एकच. उतरायचं असेल तर इंजिन बंद. हिरवा दिवा लागला आहे, म्हणजे न्यूट्रल आहे, असं म्हणून चालू ठेवायचीही नाही, कारण उजेडात तो दिवा दिसत नाही आणि पुष्कळदा जळलेला असतो.

त्याच दिव्यावरून आणखी एक. उभ्या गाडीत न्यूट्रलवर असताना चुकून टाचेने दाबलं, तर चक्री उलटी फिरून थेट चौथा लागतो. मग रेस देता, इंजिन कण्हतं, गाडी कशीबशी सरकते, आणि तुम्ही म्हणता गाडीत दम नाही. दम आहे. तुम्ही चौथ्यात सुटत आहात आणि आतला क्लच घासतो आहे. रेस सोडा, थांबा, न्यूट्रलवर या, आणि चवड्याने एकदा.

आता ज्यांनी अशी गाडी विकत घेतली आहे किंवा घेणार आहेत, त्यांच्यासाठी थोडं. या क्लचच्या तक्रारी मुख्यतः दोन. पहिली, गाडी सिग्नलला गिअरमध्ये उभी असताना पुढे पुढे सरकते आणि गिअर टाकताना खडाक आवाज येतो. क्लच खराब झाला असं वाटतं, पण आधी इंजिनाचा मंद वेग तपासा. तो चढलेला असेल तर वजनं थांबलेल्या गाडीतही बाहेर येऊन घमेल्याला घासत राहतात. वेग ठरल्या जागी आणला की बरेचदा तक्रारच संपते.

दुसरी तक्रार उलटी. चढावर रेस देता, आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. म्हणजे क्लच घसरतो आहे. इथे पहिला प्रश्न, तेल कोणतं घातलं? या गाडीत इंजिन आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. गुळगुळीतपणा वाढवणारी द्रव्यं घातलेलं कारचं तेल घातलं तर चकत्या घसरू लागतात. डब्यावर जासो एमए असा शिक्का असलेलं मोटरसायकलचं तेल हवं. एमबी नको, ते स्कूटरसाठी असतं. तेल बरोबर असूनही घसरत असेल तर क्लचची ढिलाई जुळवावी लागते. इंजिनाच्या उजव्या झाकणावर एक स्क्रू आणि त्याला आवळणारा नट असतो. इंजिन बंद ठेवून नट सैल करायचा. स्क्रू घड्याळाच्या दिशेने एक फेरा फिरवायचा. मग उलट दिशेने हळूहळू, हाताला किंचित अडथळा जाणवेपर्यंत. तिथून परत घड्याळाच्या दिशेने फेऱ्याचा आठवा भाग, आणि स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा. कब घराण्यातल्या पुष्कळ गाड्यांना हे माप लागू पडतं, तरी आपल्या गाडीचं पुस्तक एकदा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतरही घसरत असेल तर चकत्या झिजल्या आहेत, त्या बदलायच्या.

शेवटची गोष्ट कागदांची. दांडा नाही म्हणून ही गाडी सगळीकडे बिनगिअरची ठरत नाही आणि गिअर आहेत म्हणून सगळीकडे गिअरची ठरत नाही. ब्रिटनमध्ये क्लचचा दांडा नसलेल्या गाडीवर परीक्षा दिलीत तर परवाना फक्त ऑटोमॅटिकचा मिळतो, पुढे दांडावाली बाईक त्यावर चालवता येत नाही. मुलगा किंवा मुलगी घरच्या सुपर कबवर शिकत असेल, तर परीक्षा कोणत्या गाडीवर द्यायची हे आधी ठरवा. आणि सहलीला जाणाऱ्यांनो, तुमचा परवाना फक्त कारचा असेल तर त्यावरून काढलेला आंतरराष्ट्रीय परवानाही कारचाच असतो. दुकानदार गाडी देतो, कारण त्याला भाडं हवं असतं. अपघात झाल्यावर विमा कंपनी मात्र परवान्यावर मोटरसायकलचा शिक्का शोधते. तो नसेल तर दवाखान्याचं बिल तुमच्या खिशातून जातं.

तर मंडळी, गाडी ताब्यात घेतलीत की स्टँडवर उभी असतानाच, इंजिन बंद ठेवून, चवड्याने एकेक घर मोजा. एक, दोन, तीन, चार, आणि मग हिरवा दिवा. ज्याच्या मागे तुम्ही बसणार आहात त्यालाही मोजायला लावा. रस्त्यावर गेल्यावर चार मोजून झाले की डावा पाय आराम करू दे. पुढचं घर फक्त उभ्या गाडीसाठी आहे.

आजच्यापुरतं एवढंच. सावकाश चालवा, हेल्मेट मागच्यालाही द्या.